सिंक्रॉनिसिटी: अर्थ लागतो की लावतो?

प्रश्न: "सिंक्रॉनिसिटीला मराठीत नुसतं ‘योगायोग’ म्हणावं का? तसं म्हटलं की अनुभवातलं काहीतरी निसटतं, आणि ‘विश्वाने संकेत दिला’ म्हटलं की अंधश्रद्धा वाटते."

‘अर्थपूर्ण योगायोग’ म्हणावं. ‘समकालिकता’ हा शब्दशः प्रतिशब्द मात्र टाळावा, कारण स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने ज्यासाठी हा शब्द घडवला तेच त्यातून गळून पडतं. नुसतं एकाच वेळी घडणं त्याला अभिप्रेत नव्हतं. मनातली एखादी गोष्ट आणि बाहेरची एखादी घटना यांच्यात कार्यकारणसंबंध नसतानाही अर्थाने जुळणी दिसते, तिला त्याने हे नाव दिलं. 1952 साली त्याने यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला.

त्याचं गाजलेलं उदाहरण एका रुग्ण बाईंचं. कोणीतरी आपल्याला भुंग्याच्या आकाराचा सोन्याचा दागिना दिला, असं स्वप्न त्या सांगत होत्या. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. युंगने खिडकी उघडून आत आलेला किडा पकडला, तर तो सोनेरी-हिरवा भुंगा! अतिशय तर्ककठोर असलेल्या त्या बाईंचा ताठरपणा तिथे सैलावला आणि अडकलेले उपचार पुढे सरकले.

आपल्याकडे अशा घटनांसाठी दोन जुने न्याय आहेत. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडलं, हा काकतालीय न्याय. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ हे त्याचंच मराठी रूप. दुसरा घुणाक्षर न्याय मला इथे जास्त मोलाचा वाटतो. घुण नावाचा किडा लाकूड पोखरतो आणि त्याच्या वाटेतून कधीतरी अक्षर उमटतं. अक्षर खरोखर दिसतं, वाचताही येतं, पण किड्याला लिपी येत नाही. युंगच्या खिडकीवरच्या भुंग्यालाही बाईंचं स्वप्न ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्या मात्र त्या होत्या, आणि वाचून त्यांच्यात पडलेला फरक खरा होता.

म्हणून क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘संकेत मिळाला’ म्हटलं की देणारा कोणीतरी आपोआप गृहीत धरला जातो. ‘अर्थ लागला’ म्हटलं की अर्थ आधीपासून तिथे होता असं वाटतं. ‘मी अर्थ लावला’ या वाक्यात कर्ता जागेवर येतो. स्वतःच्या अनुभवाबद्दल लिहिताना हे तिसरं वाक्य वापरावं. त्यात अनुभव नाकारला जात नाही, पण जबाबदारी आपल्याकडे राहते.

एक हिशेब करून पाहा. एक जुना मित्र वर्षातून 26 वेळा मनात येतो आणि दोनदा फोन करतो, असं धरू. जागेपणीच्या 16 तासांत दहा-दहा मिनिटांचे 96 तुकडे, म्हणजे वर्षाला सुमारे 35,000. आठवण आली आणि त्याच तुकड्यात फोन आला, असं निव्वळ योगाने घडण्याची वर्षभरातली शक्यता साधारण 675 त एक. नगण्य वाटते. पण असे 60 परिचित असतील तर ती अकरात एक होते, आणि शंभर प्रौढांच्या सोसायटीत दरवर्षी आठ-नऊ जणांना हा अनुभव यायला हवा. आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमचे घालून पुन्हा मांडा.

चूक होते ती इथे: आठवण आली पण फोन आला नाही, हे 25-26 प्रसंग कोणी लक्षात ठेवत नाही. त्यावर उपाय वहीचा. महिनाभर, आठवण येताच, फोन येण्याआधी, नाव आणि वेळ टिपा. न जुळलेल्या नोंदीही ठेवा. जुळलंच, तर एका ओळीत ‘काय घडलं’ आणि वेगळ्या ओळीत ‘मी काय अर्थ लावला’ असं लिहा. या दोन ओळी एकात मिसळल्या की पुढच्या वेळी सांगताना घटनाच अर्थाच्या सोयीने बदलते: दुपारची आठवण ‘अगदी त्याच क्षणी’ होऊन बसते.

युंगने स्वतः विवाहित जोडप्यांच्या पत्रिकांतल्या जुळण्यांची मोजणी केली होती. पहिल्या 180 जोडप्यांत सूर्य-चंद्राची एक युती ठळक दिसली. पुढच्या 220 जोडप्यांत दुसरीच जुळणी वर आली, शेवटच्या 83 मध्ये तिसरी. सगळी एकत्र केल्यावर ठळकपणा विरून गेला. युंगला त्यातही अर्थपूर्ण योगायोग दिसला. माझ्या मते मात्र हे घुणाक्षरच. कोणती जुळणी मोजायची हे आधी ठरलेलं नसेल, तर प्रत्येक गठ्ठ्यात काही ना काही वर येणारच.

‘शकुन’ हा शब्द मात्र वेगळा ठेवा. अर्थपूर्ण योगायोग मागे पाहतो: माझ्या मनात काय चाललं होतं, हे दाखवतो. शकुन पुढचं सांगतो आणि निर्णय मागतो. नोकरी सोडण्याच्या विचारात असताना बसवर ‘नवी सुरुवात’ अशी जाहिरात दिसली, तर तुम्हाला नोकरी सोडावीशी वाटते आहे एवढं त्यातून कळतं. राजीनामा द्यावा की नाही, ते शिल्लक रक्कम, घरचा खर्च आणि हातातली दुसरी ऑफर पाहून ठरवायचं. तो बसचा प्रसंग हिशेबातून वगळून निर्णय पुन्हा मांडा. निर्णय बदलत असेल, तर तुम्ही त्या जाहिरातीला योगायोग नव्हे, शकुन मानलं आहे.