सम संख्या, दोनचा घात आणि मध्येच येणारे शून्य

प्रश्न: `n & 1` आणि `n & (n - 1)` यांनी सम संख्या आणि दोनचा घात कसा ओळखतात? `%` सोडून हेच वापरावे का?

सम-विषमाचे थोडक्यात सांगतो. बायनरीत सर्वांत उजवा बिट वगळला तर उरलेल्या स्थानांच्या किमती २, ४, ८ अशा समच असतात, म्हणून संख्या विषम आहे की नाही हे त्या एका बिटावरच ठरते आणि `n & 1` नेमका तेवढाच बिट शिल्लक ठेवते.

दोनच्या घातात एकच बिट १ असतो. संख्येतून एक वजा केला की उजवीकडून पहिला येणारा १ जाऊन तिथे ० येतो, त्याच्या उजवीकडची सर्व शून्ये १ होतात आणि डावीकडचे बिट जसेच्या तसे राहतात.

```
 8: 1000    12: 1100
 7: 0111    11: 1011
 &: 0000     &: 1000
```

म्हणजे `n & (n - 1)` सर्वांत उजवा १ पुसते. काहीच उरले नाही तर १ एकटाच होता. बारामध्ये मात्र आठाचा बिट उरला.

आता शून्य. त्यात पुसायला १ नसतोच, तरी उत्तर ० येते आणि शून्य दोनचा घात ठरते. माझ्या एका जुन्या कामात वर्तुळाकार बफरचा आकार सेटिंगच्या फाइलमधून येत असे, तो याच चाचणीने तपासला जाई आणि पुढचे स्थान `i & (size - 1)` ने काढले जाई. कोणीतरी आकार शून्य लिहिला, चाचणीने तो स्वीकारला, चिन्हविरहित संख्येत `size - 1` चे सगळे बिट १ झाले आणि `i` बफरबाहेर धावत सुटला. रिव्ह्यूमध्ये मी `n > 0` ही अट आधीच मागितली होती. तरीही आमच्या वरिष्ठांनी निष्कर्ष काढला तो असा, की बिटांच्या क्लृप्त्या कोडमध्ये नकोतच. मला हे आजही पटत नाही, कारण `i % size` लिहिले असते तर शून्याने भागण्याची वेळ आली असती. अट दोन्हीकडे लागणारच होती.

निव्वळ सम-विषमासाठी `n % 2 == 0` लिहिले तरी चालेल. चांगला कंपायलर त्याचेही एका बिटाच्या तपासणीत रूपांतर करतो. मात्र सी आणि जावात `-3 % 2` चे उत्तर `-1` येते, त्यामुळे विषम ओळखायला `n % 2 == 1` लिहू नये.

सीमध्ये कंस विसरू नका. तिथे `==` हे `&` च्या आधी सोडवले जाते, त्यामुळे `n & n - 1 == 0` ही अट फक्त `n` एक असतानाच खरी ठरते. शून्य आणि एक एवढेच तपासून पाहिले तर दोन्ही उत्तरे बरोबर दिसतात. आठ देऊन पाहा, म्हणजे चूक लगेच कळेल.

```c
if (n > 0 && (n & (n - 1)) == 0)
```