पाचात कोण बसणार, हा खरा प्रश्न

प्रश्न: मी आठ-दहा फीड्स आणि तीन-चार न्यूजलेटर नियमित वाचतो. सगळ्यांतून मिळून रोज सकाळी फक्त पाच गोष्टी एका मेलमध्ये हव्या आहेत. कोणतं ॲप वापरू? आणि पाच खूप कमी पडतील का?

ॲपचं शेवटी बघू. पाच पुरतात. कमी पडतात असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ते पाच चुकीच्या पद्धतीने निवडलेले असतात. हे मी ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं दोन वर्षं वाजतंय आणि त्यात एकदा माझं चांगलंच नुकसान झालंय.

माझ्याकडे नऊ फीड्स होती. त्यातलं एक बातम्यांचं, दिवसाला चाळीसेक पोस्ट टाकणारं. बाकीची आठवड्याला एक-दोन, आणि दोन-तीन तर अशी की दोन-दोन महिने आवाज नाही. मी पायथनमध्ये `feedparser` ही फीड वाचणारी लायब्ररी वापरून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सगळ्या फीड्सच्या नोंदी एकत्र करायच्या, तारखेप्रमाणे लावायच्या, वरच्या पाच मेल करायच्या, आणि आणलेल्या सगळ्यांवर ‘पाहिलं’ अशी खूण करायची. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये `0 6 * * *` टाकलं की रोज सहाला मेल हजर. अर्ध्या तासाचं काम. खूश होते मी.

त्या नऊपैकी एक फीड होतं लिंका जपून ठेवायच्या एका छोट्या सेवेचं. नाव सांगत नाही, दोन माणसं चालवायची, आणि त्यांनी काही वाईट केलं असंही नाही. मी तिथे सहा वर्षं लिंका साठवल्या होत्या, जवळपास अकराशे, प्रत्येकीखाली दोन-चार ओळींचं टिपण. एका सोमवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फीडवर लिहिलं की सेवा तीस दिवसांत बंद होतेय, आपापला डेटा उतरवून घ्या. मेलही पाठवला होता, पण तो माझ्या जुन्या पत्त्यावर, जो मी उघडतच नव्हते.

मला कळलं ते लॉगिन करायला गेले तेव्हा. पानावर एकच ओळ: सेवा बंद आहे. मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

आता जखमेवरचं मीठ ऐका. मी माझ्या स्क्रिप्टची ‘पाहिलं’ची फाइल उघडली. त्यात त्या सूचनेचा `guid`, म्हणजे फीडमधला तिचा ओळखक्रमांक, होता, मंगळवार सकाळी सहाची वेळ, व्यवस्थित नोंदवलेली. म्हणजे सूचना माझ्या यंत्रापर्यंत आली होती, स्क्रिप्टने ती वाचली होती आणि माझ्या वतीने ‘पाहिलं’ म्हणून बाजूला ठेवली होती.

दादा म्हणाला, “तुला सांगितलं होतं, दहा ठेव.”

इथे माझं डोकं फिरलं, म्हणून मी लॉग काढून मोजलंच. रात्री 9.10 ते सकाळी 6 या वेळात त्या बातम्यांच्या फीडवर सतरा पोस्ट आल्या होत्या. सूचना अठराव्या नंबरवर. दहा ठेवले असते, पंधरा ठेवले असते, तरी ती बाहेरच. ‘ताजे पाच’ म्हणजे ‘सगळ्यात जास्त बडबडणाऱ्याचे पाच’, आणि आकडा वाढवून फक्त बडबड वाढते. जो रात्रभर लिहितो त्याची शेवटची पोस्ट नेहमीच ताजी असणार, बिचारा दोन महिन्यांनी लिहिणारा तिथे कधीच जिंकत नाही.

मग मी दोन नियम केले. एक, एका फीडमधून एका दिवशी एकच नोंद. दोन, ज्या फीड्सवर नवीन काही आहे त्यांची रांग लावायची ती कोण किती विरळ लिहितं त्यावरून. सगळ्यात विरळ लिहिणारा पहिला, बडबड्या शेवटी. वरचे पाच घ्यायचे.

विरळ कोण हे ठरवताना मी एकदा फसले, ते सांगून ठेवते. मी आधी ‘गेल्या तीस दिवसांत फीडमध्ये किती नोंदी दिसतात’ एवढंच मोजलं. पण फीडमध्ये सगळा इतिहास नसतो, शेवटच्या काही नोंदीच असतात. वर्डप्रेसवर ही संख्या मुळात दहा असते. त्यामुळे दिवसाला चाळीस टाकणारं एखादं फीडही दहाच दाखवतं, आणि ज्याचं फीड शेवटच्या वीस नोंदी ठेवतं असा आठवड्याला तीन लिहिणारा माणूस महिन्याला बारा दाखवतो. म्हणजे तोच जास्त बडबड्या ठरला! म्हणून संख्या नाही, दोन नोंदींमधलं सरासरी अंतर मोजायचं. अशा बडबड्या फीडमधल्या दहा नोंदी सहा तासांत बसतात, म्हणजे अंतर चाळीस मिनिटं. विरळ लिहिणाऱ्याच्या दहा नोंदी अठरा महिन्यांत पसरलेल्या असतात, म्हणजे अंतर दोन महिने. गाळणी एवढीच:

```python
from calendar import timegm

def gap(entries):
    t = sorted(timegm(e.published_parsed) for e in entries)
    return (t[-1] - t[0]) / (len(t) - 1)

picks = sorted(fresh, key=lambda f: f.gap, reverse=True)[:5]
```

फीडमध्ये एकच नोंद असेल तर शून्याने भागाकार होऊन हे कोसळेल, तेवढं सांभाळा. आणि काही फीड्स सगळ्या नोंदींना फीड तयार झालं तीच वेळ लावून देतात. तिथे अंतर शून्य येतं आणि शांत माणूस रांगेत तळाला जातो. एकाच फीडमधल्या सगळ्या तारखा सेकंदापर्यंत सारख्या दिसल्या की समजायचं, आणि त्या फीडचं अंतर हाताने लिहून टाकायचं. माझ्याकडे असं एक आहे.

हीच गाळणी मी त्या जुन्या मंगळवारच्या लॉगवर चालवून पाहिली. त्या सकाळी सहा फीड्सवर नवीन काही होतं. त्या सेवेचं फीड पहिल्या नंबरवर आलं, कारण ते तीन-चार महिन्यांतून एकदा बोलायचं. त्यानंतर एक पाक्षिक, दोन साप्ताहिकं आणि एक दर दोन दिवसांनी येणारं. सहावं, म्हणजे बाहेर राहिलेलं, बातम्यांचं. त्याची मला त्या दिवशी काहीच गरज नव्हती, बातम्या कुठूनही कळतात.

आता सहाव्याचं काय करायचं. दादाचं मत: उद्याच्या रांगेत ढकल, वाया कशाला घालवायचं? (दादा गूगल रीडरच्या काळातला. 1 जुलै 2013 ला ते बंद झालं तेव्हा त्याच्याकडे न वाचलेल्यांच्या जागी `1000+` दिसत होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता.) त्याच्या पद्धतीचा हिशेब करा. रोज चाळीस येणार, पाच जाणार, पस्तीस शिल्लक. जुनं आधी म्हटलं तर दहाव्या दिवशी तुमच्यासमोर शेचाळिसावी ते पन्नासावी पोस्ट येते, म्हणजे दुसऱ्या दिवसाची बातमी दहाव्या दिवशी. ती वाचून कोणाचं काय भलं होणार आहे?

पण सरसकट टाकून देणंही चूक, कारण माझं पहिलं पाप तेच होतं: न दाखवलेल्यावर ‘पाहिलं’ची खूण. मी आता मधला रस्ता धरलाय. मेलमध्ये गेलेल्या नोंदीवरच खूण करायची. न गेलेली नोंद तीन दिवस रांगेत राहते, मग गळते. ही तीन दिवसांची मोजणी नोंदीवर छापलेल्या तारखेवरून नको, आपल्या स्क्रिप्टने ती पहिल्यांदा कधी पाहिली त्यावरून करा, कारण लोक जुन्या पोस्टची तारीख बदलतात. विरळ लिहिणारे सहा जण एकाच दिवशी उगवले तर सहावा दुसऱ्या दिवशी आपोआप वर येतो. आणि बडबड्याचं गळलं तर गळू दे.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. विरळ लिहिणारा गप्प आहे की त्याचं फीड मेलंय, हे सकाळच्या मेलवरून कळत नाही, दोन्ही सारखंच दिसतं. `feedparser.parse` ला पान मिळालं नाही तरी ते आरडाओरडा करत नाही. रिकामी यादी देतं, `bozo` मध्ये खूण करतं, आणि तुमची स्क्रिप्ट समजते की आज नवीन काही नाही. मी असंच एक फीड चार महिने ‘शांत’ समजत होते, त्या माणसाने पत्ताच बदलला होता. आता सलग तीन दिवस `status` 200 म्हणजे ‘पान मिळालं’ किंवा 304 म्हणजे ‘काही बदललं नाही’ हे सोडून दुसरं काही आलं, किंवा कसलाच `status` आला नाही, तर मेलच्या तळाशी त्या फीडचं नाव येतं. ते पाचात धरायचं नाही.

न्यूजलेटरचं सोपं आहे. बऱ्याच न्यूजलेटरना स्वतःचं फीड असतं. सबस्टॅकवर असेल तर पत्त्यापुढे `/feed` लावून बघा. नुसतंच मेलवर येत असेल तर `kill-the-newsletter.com` वर एक पत्ता मिळतो. त्या पत्त्याने वर्गणीदार व्हायचं, आलेले मेल फीडमध्ये दिसतात. नोंदणी पक्की करायचा मेलही त्या फीडमध्येच येतो, तो आधी उघडायला विसरू नका, नाहीतर पुढचं काही येणारच नाही. आणि त्या फीडचा पत्ता कोणाला देऊ नका, आत तुमचा वर्गणी रद्द करायचा दुवा असतो.

दादाचा यावर एक मुद्दा बरोबर आहे, तो मान्य करते: विरळ म्हणजे महत्त्वाचं असं नाही. दोन महिन्यांनी येऊन फालतू लिहिणारेही असतात. पण मग त्याला यादीत घेतलं कोणी? मीच ना? तसंच, ज्यात मुदती असतात अशा गोष्टी कुठल्याच डायजेस्टच्या भरवशावर सोडू नका. ज्या सेवेत तुमचा डेटा आहे तिथला मेल पत्ता चालू ठेवा आणि वर्षातून दोनदा डेटा उतरवून घ्या. हे मी आता करते.

राहिलं ॲप. ब्लॉगट्रॉटर फीड्स दिवसातून एकदा मेलवर पाठवू शकतं, इनोरीडरमध्येही डायजेस्टची सोय आहे. त्यात ‘एका फीडमधून एकच’ असं लावता येतंय का ते बघा. येत नसेल तर बडबडं फीड यादीतून काढा, निम्मं काम तिथेच होईल. मी तेच केलंय. बातम्यांचं फीड गेल्या महिन्यात काढून टाकलं, आणि आज सकाळच्या मेलमध्ये तीनच गोष्टी होत्या. दादाला स्क्रीनशॉट पाठवलाय. अजून उत्तर नाही.