दुकान बंद झालं, बिल मात्र दुकानाचंच येतंय

प्रश्न: सर, घरातल्या पुढच्या खोलीत माझं दुकान होतं, ते बंद करून 24 महिने झाले, आता तिथे आम्ही राहतो. विजेचं मीटर अजून व्यावसायिक दरातच आहे. 14 महिन्यांपूर्वी एक साधा अर्ज दिला होता, पोच आहे, पुढे काहीच झालं नाही. एक एजंट म्हणतो मागचे सगळे पैसे काढून देतो पण निम्मे माझे, आणि तोवर बिल भरू नका. देऊ का त्याला काम?

उत्तर: नका देऊ. आणि बिल थांबवायचं तर डोक्यातूनच काढा, कारण थकबाकी दिसली की विलंब आकार लागतो, कनेक्शन तुटायची नोटीस येते आणि दर बदलायचा अर्जही बऱ्याचदा तिथेच अडकतो. भरत राहा, फक्त 'हरकत नोंदवून भरतोय' असं एक पत्र देऊन ठेवा.

आता पैशाचं बघू. तुमचे दर मला माहीत नाहीत म्हणून सोपे आकडे धरतो. व्यावसायिकला प्रत्येक युनिट 2.5, घरगुतीला पहिले 100 युनिट 1 ने आणि त्यापुढचे 2 ने. ज्या महिन्यात 80 युनिट जळले तिथे व्यावसायिक बिल 200, घरगुती 80, म्हणजे फरक 120. ज्या महिन्यात 300 जळले तिथे 750 आणि 500, फरक 250. अर्जानंतरच्या 14 महिन्यांत 7 हलके आणि 7 जड धरले तर फरक होतो 2590. यातले निम्मे एजंटला, कशासाठी, तर एक पत्र लिहायला!

लोक इथे एक चूक हमखास करतात, सरासरी काढून गुणाकार करतात. सरासरी 190 युनिटवर फरक 195 येतो, गुणिले 14 म्हणजे 2730, आणि वीज कंपनीचा माणूस महिनावार हिशोब करून आकडा कमी दाखवतो की तुमच्या बाकीच्या कागदांवरही शंका घेतो. टप्प्याचे दर असले की हिशोब महिन्या महिन्याचाच करायचा, स्थिर आकाराचा फरक वेगळ्या रकान्यात.

पण 24 पैकी किती महिने मागायचे? इथे प्रश्न चूक कोणाची हा असतो. पहिले 10 महिने तुम्ही कळवलंच नव्हतं, त्यामुळे ते मिळायची आशा कमी, मागा पण त्यावर काही ठरवू नका. पुढचे 14 मात्र तुमच्या पोचपावतीवर उभे आहेत, तोच तुमचा खरा दावा. मागची बिलं दुरुस्त करायला कालमर्यादाही असते, ती तुमच्या पुरवठादाराच्या नियमात आधी बघून घ्या.

पत्रात दोन मागण्या दोन वेगळ्या परिच्छेदात टाका. वर ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, मंजूर भार, सध्याचा दरगट, जुन्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक. मग पहिली मागणी, 'जागेचा वापर पूर्ण निवासी आहे, तपासणी करून दरगट घरगुती करावा'. दुसरी, 'पहिल्या अर्जाच्या तारखेपासूनच्या बिलांचा महिनावार फरक सोबत जोडला आहे, तो पुढील बिलांत जमा करावा किंवा परत द्यावा'. आणि शेवटी हे एक वाक्य नक्की घाला, 'दुसऱ्या मागणीच्या निर्णयास वेळ लागणार असल्यास पहिली मागणी त्यासाठी थांबवू नये'. कारण वरच्याच आकड्यांनी पुढच्या एका वर्षाची बचत 2220 होते, जवळपास सगळ्या जुन्या दाव्याएवढी, आणि जुन्याचा वाद चालू म्हणून नवीन दर लटकला तर दर महिन्याला तुमचंच नुकसान.

पत्र देण्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. या 24 महिन्यांत ही वीजबिलं धंद्याचा खर्च म्हणून कुठल्या हिशोबात दाखवली आहेत का? दुकानाची नोंदणी त्याच पत्त्यावर अजून चालू आहे का? असेल तर आधी ते मिटवा, नाहीतर एका कागदावर धंदा आणि दुसऱ्यावर घर असं दिसतं आणि दावा तिथेच पडतो. खोलीत थोडाफार माल, काउंटर, पाटी असलं काही राहिलं असेल तर तपासणीच्या आधी काढा, पण धंदा खरंच थोडा चालू असेल तर हा अर्ज करूच नका, कारण तपासणीत सापडलं तर दंडासकट वसुली तुमच्यावर येऊ शकते.

दुकान बंद केल्याचा कागद, राहत असल्याचा पुरावा, खोलीचे फोटो आणि बिलांच्या प्रती जोडा. भार दुकानाच्या हिशोबाने जास्त मंजूर असेल तर तो कमी करायचा अर्ज याच फेरीत द्या, स्थिर आकार बऱ्याच ठिकाणी भारावर ठरतो. सुरक्षा ठेवही बिलाच्या प्रमाणात घेतलेली असते, ती नव्याने मोजायला सांगा, ही मागणी लोक विसरतातच. यावेळी पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही घ्या, मुदतीत उत्तर नाही आलं तर तोच कागद घेऊन तक्रार कक्षात जायचं.

तिथेही नाही जमलं तर मग वकिलाला ठरलेली फी द्या, टक्केवारी नको.