टाइमआउटनंतर तोच आरपीसी कॉल पुन्हा करावा का?

प्रश्न: आरपीसी कॉल, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन चालवण्याची विनंती, टाइमआउट झाला, तर तोच पुन्हा पाठवला तर काय बिघडतं? आर्ग्युमेंट्स तर तीच असतात ना?

उत्तर: आर्ग्युमेंट्स तीच असल्यामुळेच गोची होते. समजा कॉल `debit(42, 500)` आहे, म्हणजे खाते 42 मधून 500 वजा करा. क्लायंटचा स्टब, म्हणजे कॉल पाठवणारा कोड, ही आर्ग्युमेंट्स ठरलेल्या क्रमाने बाइट्समध्ये मांडतो, म्हणजे मार्शल करतो. सन आरपीसीच्या एक्सडीआर या डेटा-मांडणीत 500 चे `00 00 01 F4` असे चार बाइट होतात. पुन्हा पाठवलं तरी हे बाइट्स तेच, त्यामुळे त्यांवरून सर्व्हरला ही जुनीच विनंती आहे की नवी, ते कळत नाही.

आता सर्व्हरने 500 वजा केले, पण उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटला हे आणि विनंतीच न पोचणं, दोन्ही सारखंच दिसतं. उत्तर येईपर्यंत पाठवत राहिलात तर ते ॲट-लीस्ट-वन्स, म्हणजे काम निदान एकदा होतंच, आणि इथे निदान 1000 वजा होतात. शिल्लक नुसती वाचायची असती तर काहीच बिघडलं नसतं.

ॲट-मोस्ट-वन्ससाठी, म्हणजे काम जास्तीत जास्त एकदाच व्हावं यासाठी, प्रत्येक कॉलला वेगळा आयडी द्या, पण पुन्हा पाठवताना तोच ठेवा. सर्व्हर आयडीसोबत उत्तर जपतो आणि तोच आयडी दिसला की काम न करता जुनं उत्तर परत देतो. मात्र ही नोंद फक्त मेमरीत असेल तर सर्व्हर क्रॅश झाल्यावर पुसली जाते. म्हणून ती वजावटीच्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा.