साहेबांच्या साहेबांना मेल लिहिताना

भाऊ, तुझा मसुदा वाचला. घाटंजीच्या गावांतल्या माती परीक्षणाच्या अहवालांना तीनदा उशीर झाला, हे खरंच आहे. पण "लॅबवाले नेहमीच टाळाटाळ करतात" हे वाक्य काढ. "नेहमी", "टाळाटाळ" असे शब्द आले की वरचे साहेब उशिराचं सोडून भांडणाकडे पाहतात.

त्याऐवजी वाक्याचा कर्ता माणूस नको, अहवाल ठेव: "पहिला गट १० मेला ठरला, १९ मेला मिळाला. दुसरा २० मेला ठरला, २ जूनला मिळाला. तिसरा २८ मेला ठरला, ५ जूनपर्यंत आलेला नाही." ठरलेली प्रत्येक तारीख ज्या मेलमध्ये आहे, तो सोबत जोड. फोनवर ठरलेली तारीख पुरावा म्हणून टिकत नाही, ती यादीत घेऊ नको. आपल्याकडून नमुने उशिरा गेले असतील तर तेही लिही, नाहीतर पहिल्याच उत्तरात तेच तोंडावर येईल.

मग परिणाम, एकाच ओळीत: पाऊस पडला की कपाशीची लावण सुरू होईल आणि अहवालाशिवाय खताची मात्रा सांगता येणार नाही. कारणाचा अंदाज तू बांधू नको.

शेवटी मागणी नेमकी हवी: "१० जूनपर्यंत अहवाल मिळावेत, किंवा उरलेले नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायला मंजुरी मिळावी."

आणि हो, पाठवण्याआधी मसुदा आपल्या साहेबांना दाखव, मेलच्या सीसीमध्येही त्यांना ठेव. त्यांना बाहेरून कळलं तर तारखा कितीही बरोबर असू दे, ती चुगलीच वाटते.