आजोबा आणि नातीचे स्वर एकाच आलेखावर

प्रश्न: इंदूरच्या मराठी घरांत आजोबा आणि नात यांचे स्वर रेकॉर्ड केलेत. नातीचे सगळे फॉर्मंट, म्हणजे स्वरमार्गात घुमणाऱ्या वारंवारता, वर सरकलेले दिसतात. तुलना कशी करू?

उत्तर: लोबानोव्ह पद्धत वापरा. प्रत्येकाच्या F1 मधून, म्हणजे पहिल्या फॉर्मंटमधून, त्याचीच F1 सरासरी वजा करा आणि त्याच्याच प्रमाण विचलनाने भागा. दुसऱ्या फॉर्मंटचं, म्हणजे F2 चं, वेगळं करा. समजा, आजोबांच्या ‘आ’चा F1 700 हर्ट्झ, सरासरी 480, विचलन 130: उत्तर 1.69. नातीचा 950, सरासरी 650, विचलन 178: तेही 1.69. म्हणजे हा फरक बहुधा स्वरमार्गाच्या लांबीचा होता.

घोटाळा होतो तो सरासरीत. नातीच्या बोलण्यात ‘आ’च जास्त आले, तर तिची F1 सरासरी फुगते आणि सगळे स्वर उगाच ‘ई’च्या उंचीकडे सरकतात. म्हणून आधी प्रत्येक स्वराची सरासरी काढा, मग त्या सरासऱ्यांवरून सरासरी आणि विचलन. दोघांचे स्वर तेच हवेत. एकाचा ‘ऊ’ नसेल तर तो दुसऱ्याचाही गाळा.