एबिटडा ६० लाख, मग खात्यात पैसे का नाहीत?

अंबडच्या त्या सीएनसी वर्कशॉपचं नफा-तोटा पत्रक बघून तू गोंधळलास ना? निव्वळ नफा १५ लाख आणि एबिटडा, म्हणजे कर, व्याज आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, ६० लाख. दोन्ही बरोबर आहेत. १५ मध्ये कर ५, व्याज १५ आणि घसारा २५ परत मिळव, झाले ६०.

बँक हे का बघते? घसारा ही फक्त नोंद, त्याचा चेक फाटत नाही. आणि व्याज तर तिलाच द्यायचंय. ६० मधून कर गेला की ५५ उरतात. व्याज १५ आणि मुद्दलाचे हप्ते २२, म्हणजे ३७ द्यायचे. ५५ भागिले ३७, जवळपास दीडपट. नुसत्या १५ लाखांच्या नफ्यावरून हे कळलंच नसतं. शिवाय एकाने मशीन कर्जावर घेतलं, दुसऱ्याने स्वतःच्या पैशाने, तरी दोघांच्या धंद्याची तुलना करता येते. विश्लेषकांना ते सोयीचं.

आता खरी गोम. हप्ते जाऊन १८ उरले, पण वर्षभरात गिऱ्हाइकांकडची उधारी २० लाखांनी वाढली. म्हणजे २ लाखांचा खड्डा! एबिटडात हे कुठेच दिसत नाही. स्पिंडल गेलेलं जुनं मशीन बदलायचा खर्चही नाही. म्हणून नफा शेजारी ठेवायचा, त्यातला घसारा झिजेची आठवण देतो. आणि उधारीची यादी आधी माग.